विश्लेषण : ‘पैसे दुप्पट’ म्हणणाऱ्याला ७२ ने भागून का पाहावे?

समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातील जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला. त्यानंतर जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचे भूसंपादन पुढे आले. जमिनीचा मोबदला असो, मोसंबीच्या बागेचा सौदा असो की निवृत्तीची रक्कम, एकरकमी पैसा हाती आला की ‘इतक्या वर्षांत दुप्पट’ असे सांगणारे कोणी ना कोणी दारात येते. या एका वाक्यात व्याजदर लपलेला असतो. तो कागद-पेन न घेता बाहेर कसा काढायचा, आणि त्यावरून जोखीम कशी ओळखायची, याविषयी…

७२ चा नियम काय आहे?

वार्षिक चक्रवाढ व्याजदराने ७२ ला भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. व्याज ८ टक्के असेल तर ९ वर्षे, ६ टक्के असेल तर १२ वर्षे. उलटही करता येते. कोणी वर्षे सांगितली, तर त्या वर्षांनी ७२ ला भागायचे. मिळेल तो व्याजदर. ‘सहा वर्षांत दुप्पट’ याचा अर्थ सुमारे १२ टक्के व्याज.

हा नियम जुना आहे. इटलीतील गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. तंतोतंत गणित केले तर अगदी कमी दरांसाठी ७२ ऐवजी ६९.३ हा आकडा येतो. मात्र व्यवहारात नेहमी भेटणाऱ्या ८ टक्क्यांच्या आसपासच्या दरांना ७२ जास्त नेमका बसतो. शिवाय त्याला २, ३, ४, ६, ८, ९, १२ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे हिशोब तोंडी होतो.

पोस्टाच्या योजनेवर तो कसा पडताळता येतो?

पोस्टाचे किसान विकास पत्र ही ‘रक्कम दुप्पट’ करणारी सरकारी योजना आहे, त्यामुळे तिच्यावर हा नियम थेट तपासता येतो. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ७.५ टक्के आणि मुदत ११५ महिने ठरली. ७२ ला ७.५ ने भागले तर ९.६ वर्षे, म्हणजे सुमारे ११५ महिने. पाच लाख रुपये ठेवले तर साधारण ९ वर्षे ७ महिन्यांनी दहा लाख.

याच योजनेचा इतिहास पाहिला की ‘पाच वर्षांत दुप्पट’ यावर घरातील ज्येष्ठ चटकन विश्वास का ठेवतात, तेही कळते. १ एप्रिल १९८८ रोजी किसान विकास पत्र सुरू झाले तेव्हा रक्कम साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. ७२ ला ५.५ ने भागा, दर येतो सुमारे १३ टक्के. त्या काळात सरकारच एवढे व्याज देत होते. पुढे दर उतरत गेले. २०११ च्या अखेरीस योजना बंद झाली तेव्हा मुदत ८ वर्षे ७ महिन्यांवर गेली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये ती १०० महिन्यांच्या मुदतीने पुन्हा सुरू झाली आणि २०२० मध्ये ६.९ टक्के दराला मुदत १२४ महिन्यांपर्यंत लांबली.

म्हणजे ‘पोस्टात पाच-साडेपाच वर्षांत पैसे डबल व्हायचे’ ही आठवण खोटी नाही. मात्र ती आठवण आजच्या दरांना मोजमाप म्हणून लावली की फसगत होते. मोजमाप म्हणून आजचा सरकारी दर घ्यावा लागतो. हा दर दर तिमाहीला जाहीर होतो. पत्र घेताना जो दर असेल, तो त्या पत्राला मुदत संपेपर्यंत लागू राहतो.

खासगी आश्वासन कसे तपासायचे?

समजा, मोबदल्याचे पाच लाख रुपये गुंतवायचे आहेत आणि तीन जण तीन आश्वासने देतात. पहिला म्हणतो, पाच वर्षांत दुप्पट. ७२ भागिले ५, म्हणजे १४.४ टक्के. सरकारी दराच्या जवळपास दुप्पट. दुसरा म्हणतो, तीन वर्षांत. म्हणजे २४ टक्के. तिसरा म्हणतो, दहा महिन्यांत.

इथे वर्षांऐवजी महिन्यांनी भागले तर दरमहाचा दर मिळतो. ७२ भागिले १०, म्हणजे महिन्याला ७.२ टक्के. हा आकडा लहान वाटला तर दुप्पट होण्याचे टप्पे मोजावेत. दहा महिन्यांत दुप्पट, तर पाच वर्षांत असे सहा टप्पे होतात. पाचाचे दहा, दहाचे वीस, मग चाळीस, ऐंशी, एक कोटी साठ लाख आणि शेवटी तीन कोटी वीस लाख. पाच लाखांचे पाच वर्षांत ६४ पट करणारा धंदा खरोखर हाती असेल, तर त्याच्या मालकाला गावोगाव फिरून ठेवी गोळा करण्याची गरज उरत नाही.

१२-१४ टक्के तर शक्य वाटतात, मग अडचण कुठे?

दहा महिन्यांचे आश्वासन अनेकांना खटकते. धोका जास्त असतो तो शक्य वाटणाऱ्या दरांत. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेचे प्रकरण मराठवाड्याला ठाऊक आहे. सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) दिलेल्या माहितीनुसार, तिथे ठेवींवर १२ ते १४ टक्के परताव्याचे आमिष होते. ७२ च्या नियमाने पाहिले तर पाच ते सहा वर्षांत दुप्पट. म्हणजे १९८८ च्या किसान विकास पत्राएवढेच. ठेवी परत मिळेनात तेव्हा राज्यातील अनेक पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले. ठेवींची मोठी रक्कम संस्थेच्या अध्यक्षांशी संबंधित उद्योगसमूहाकडे कर्ज म्हणून वळवल्याचा ईडीचा आरोप आहे.

दर जास्त म्हणजे फसवणूक, असे ७२ चा नियम सांगत नाही. तो फक्त दर उघड करतो. पुढचा प्रश्न आपण विचारायचा असतो. ठेवीदाराला १४ टक्के द्यायचे, त्यावर शाखा, पगार आणि बुडीत कर्जाचा खर्च भागवायचा, तर संस्थेला कर्ज १६-१७ टक्क्यांच्या खाली देऊन चालणार नाही. बँकेत स्वस्त कर्ज मिळत असताना एवढ्या व्याजाने कर्ज घेणारा बहुतेक वेळा बँकेने नाकारलेला असतो. म्हणजे पोस्टापेक्षा वर मिळणारे सहा-साडेसहा टक्के ही जोखमीची किंमत असते, आणि जोखीम ठेवीदार उचलतो. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकेतीलही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांच्या ठेवींना ते नसते.

‘टक्के’ आणि ‘वर्षे’ यांचा मेळ का पाहावा?

आणखी एक फसवी मांडणी नेहमी दिसते. एजंट सांगतो, ‘वर्षाला २० टक्के, पाच वर्षांत दुप्पट.’ २० टक्के चक्रवाढ असते तर ७२ भागिले २०, म्हणजे सुमारे साडेतीन-पावणेचार वर्षांतच रक्कम दुप्पट झाली असती. पाच वर्षे लागतात याचा अर्थ एजंटने एकूण १०० टक्के वाढीला पाचने भागून २० हा आकडा काढला आहे. चक्रवाढीने खरा दर १५ टक्क्यांच्या आत आहे. याच पद्धतीने किसान विकास पत्रावरही ‘१०.४ टक्के’ व्याज दाखवता येते, प्रत्यक्षात ते ७.५ आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. सांगितलेला दर आणि दुप्पट होण्याची वर्षे यांचा गुणाकार करायचा. तो ७२ च्या आसपास आला तर दर चक्रवाढीचा आहे. १०० आला तर सरळव्याजाचा हिशोब आहे, आणि त्याची तुलना बँकेच्या किंवा पोस्टाच्या दराशी करता येत नाही.

कर्जाला हाच नियम लागतो का?

लागतो, आणि तिथे तो जास्त टोचतो. गावाकडे उसनवारी ‘शेकडा दोन’ किंवा ‘शेकडा तीन’ अशी बोलली जाते. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के. व्याज थकले आणि ते मुद्दलात मिळवत गेले, तर ७२ भागिले २, म्हणजे सुमारे ३६ महिन्यांत कर्ज दुप्पट. शेकडा तीन असेल तर दोनच वर्षांत. व्याज दर महिन्याला वेगळे चुकते केले, तर मात्र मुद्दल वाढत नाही आणि हा नियमही लागू होत नाही. ठेवीवर दरमहा व्याज काढून घेणाऱ्यालाही हेच लागू आहे.

‘दामदुप्पट’ हा शब्द मुळात याच ठिकाणचा आहे. हिंदू कायद्यातील जुन्या दामदुपटीच्या नियमानुसार सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे, आणि मुंबई प्रांतातील न्यायालये हा नियम मानत. कर्जदाराला वाचवणारी ती मर्यादा होती. आज तोच शब्द ठेवीदाराला भुलवण्यासाठी वापरला जातो.

हा नियम कुठे चुकतो?

दर जसा वाढतो तसा ७२ चा अंदाज ढळतो. १४ टक्क्यांना नियम ५.१ वर्षे सांगतो, प्रत्यक्षात ५.३ लागतात. २४ टक्क्यांना नियम ३ वर्षे सांगतो, प्रत्यक्षात ३.२ लागतात. अचूकता हवी असेल तर ८ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवावा. १४ टक्क्यांसाठी ७४ ला भागले की उत्तर जुळते. दर सतत बदलत असेल, जसा शेअर बाजारात किंवा म्युच्युअल फंडात, तर नियम फक्त सरासरीपुरता बोलतो.

दुसरी मर्यादा महागाईची. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट आणि पैशाची किंमत निम्मी. किसान विकास पत्राचे व्याज करपात्रही आहे. त्यामुळे साडेनऊ वर्षांनी हाती येणारे दहा लाख आजच्या दहा लाखांएवढे नसतील. तरीही ते हाती येतील याची हमी केंद्र सरकारची आहे. वरच्या तीन आश्वासनांपैकी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा : दर कळला, हमी कोणाची?