आभाराच्या भाषणात प्रश्नही यावेत

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी आटोपून एखाद्या शाळेचा संघ परत येतो, तेव्हा परिपाठाच्या वेळी त्याचा सत्कार होतो आणि संघनायकाला आभाराचे चार शब्द बोलायला सांगितले जाते. या भाषणाचा साचा आता पक्का झाला आहे. प्रथम संस्थेचे पदाधिकारी, मग मुख्याध्यापक, मार्गदर्शक शिक्षक, आई-वडील आणि वेळ उरलाच तर वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या ताई. त्यानंतर कोणीतरी सुचवतो, "सगळ्यांत अवघड प्रश्न कोणते होते ते सांग." संघनायक दोन-तीन प्रश्न सांगतो, त्यांची उत्तरे सांगतो, टाळ्या होतात आणि मुले वर्गात जातात.

माझी तक्रार या शेवटच्या भागाविषयी आहे. अवघड प्रश्नाचे नुसते उत्तर ऐकून समोर बसलेल्या पाचवीतल्या मुलाच्या पदरात काय पडते? एक नाव. ते नाव पुन्हा कोणत्याही स्पर्धेत विचारले जाण्याचा संभव फार थोडा. त्याला खरे तर हे ऐकायचे असते की ते उत्तर सापडले कसे, किंवा हातचे निसटले कसे. आभाराच्या भाषणातील हा भाग सर्वांत मोठा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कसे करता येईल हे दाखवण्यासाठी मी आपल्याच वऱ्हाडातील एक उदाहरण घेतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांनी 'कौन बनेगा करोडपती'च्या अकराव्या पर्वात एक कोटी रुपये जिंकले. पातूरहून अकोला आणि पुढे अकोट करून गेले की अंजनगाव येते. म्हणजे ही गोष्ट दूरदेशीची नव्हे. बबिताताई शाळेत मुलांसाठी पोषण आहाराची खिचडी शिजवीत होत्या आणि त्यांचे मानधन महिन्याला १,५०० रुपये होते. आभाराच्या यादीत ज्यांचे नाव शेवटी येते, किंवा येतच नाही, त्या स्वयंपाकघरातील एक स्त्री त्या दिवशी स्पर्धकाच्या खुर्चीत बसलेली होती. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यांना आलेल्या शेवटच्या दोन प्रश्नांविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही.

एक कोटीचा प्रश्न इतिहासाचा होता. १८५७ च्या उठावाचा स्वानुभव सांगणारे 'दास्तान-ए-गदर' हे पुस्तक मुघल दरबारातील कोणत्या शायराने लिहिले? पर्याय होते मीर तकी मीर, मोहम्मद इब्राहिम जौक, जहीर देहलवी आणि अबुल कासिम फिरदौसी. बबिताताईंनी जहीर देहलवी हे बरोबर उत्तर दिले.

हा प्रश्न ऐकणाऱ्याला धडकी भरते, कारण हे पुस्तक आपल्याकडे फारसे कोणी पाहिलेलेच नाही. परंतु प्रश्नातच एक साल दिलेले आहे आणि 'स्वानुभव' हा शब्दही दिलेला आहे. स्वानुभव लिहायचा तर माणूस १८५७ साली जिवंत हवा. आता पर्यायांकडे पाहावे. फिरदौसी हा 'शाहनामा'चा कर्ता, इराणातला, इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातला. मुघल हिंदुस्थानात येण्याच्या पाचशे वर्षे आधीचा. मीर यांचा मृत्यू १८१० मध्ये लखनौला झाला. जौक हे बहादूरशहा जफरचे काव्यगुरू; ते १८५४ मध्ये, म्हणजे उठावाच्या तीन वर्षे आधी वारले. जौक यांच्यानंतरच गालिब बादशहाचे उस्ताद झाले, एवढे एक वाक्य ज्याने कोठेतरी वाचलेले असेल, त्याला हा तिसरा पर्यायही खोडता येतो. उरले जहीर. जौक यांचे हे शिष्य १८५७ मध्ये अवघे बाविशीतले होते आणि बादशहाच्या पदरी चाकरीला होते. दिल्ली इंग्रजांच्या हाती पडल्यावर जीव घेऊन ते बाहेर पडले, वेगवेगळ्या संस्थानांच्या आश्रयाने राहिले आणि अखेर १९११ मध्ये हैदराबादला वारले. म्हातारपणी त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली.

म्हणजे पुस्तक न वाचताही प्रश्न सुटतो. बबिताताईंनी तो याच वाटेने सोडवला असे मी म्हणत नाही. ही वाट प्रश्नात होती, एवढेच म्हणतो. आणि या वाटेची मर्यादाही संघनायकाने सांगावी. पर्यायांत गालिब असते तर? गालिब १८६९ पर्यंत होते, उठावाच्या काळात दिल्लीतच होते आणि त्यांनी त्या दिवसांवर 'दस्तंबू' हे फारसी पुस्तक लिहिलेही आहे. तेव्हा सालाचा काही उपयोग झाला नसता. कोणते पुस्तक कोणाचे हे ठाऊकच असावे लागले असते. प्रश्नकर्ता पर्याय निवडतो तेव्हाच तो प्रश्न किती अवघड करायचा हे ठरवीत असतो, ही गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. (जाता जाता: मराठीत याच उठावाचे डोळ्यांदेखतचे वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे. जहीर ठाऊक नसले तर चालेल, पण गोडसे आपल्या दहावीच्या मुलाला ठाऊक असावेत.)

यानंतर सात कोटींचा प्रश्न आला. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? पर्याय होते राजस्थान, बिहार, पंजाब आणि आंध्र प्रदेश. येथे बबिताताईंनी खेळ सोडला आणि एक कोटी घेऊन त्या उठल्या. उत्तर बिहार होते.

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड दिसतो, पण मला तो अधिक न्याय्य वाटतो, कारण त्याची सारी सामग्री नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. त्या वेळेपर्यंत चौदा राष्ट्रपती झाले होते. त्यांपैकी आधी राज्यपालपद भूषवलेले पाचच. झाकीर हुसेन बिहारचे राज्यपाल होते. व्ही. व्ही. गिरी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर येथे होते. ही तिन्ही राज्ये पर्यायांत नाहीत. शंकर दयाळ शर्मा आंध्र प्रदेश, पंजाब आणि मग महाराष्ट्र. प्रतिभाताई पाटील राजस्थान. रामनाथ कोविंद बिहार. राजस्थान एक, पंजाब एक, आंध्र एक, बिहार दोन. बाकीच्या नऊ राष्ट्रपतींची नावे नुसती आठवायची आणि सोडून द्यायची.

यात चकवा आहे, तोही ओळखता आला पाहिजे. आपली मुले 'राष्ट्रपती कोणत्या राज्याचे' हे पाठ करतात आणि प्रश्न मात्र 'कोणत्या राज्याचे राज्यपाल होते' हा आहे. प्रतिभाताई म्हटले की आपल्याला अमरावती आठवते, राजस्थान आठवत नाही. राजेंद्रप्रसाद बिहारचे म्हणून कोणी बिहार हे उत्तर दिले, तर उत्तर बरोबर आणि कारण चूक. असे उत्तर या प्रश्नाला चालून जाते, पुढच्याला चालत नाही.

बबिताताईंनी खेळ सोडला तो शहाणपणाने की घाबरून, असे मुले विचारतात. उत्तर चुकले असते तर त्यांच्या हाती ३,२०,००० रुपयेच उरले असते. गणिताचा शिक्षक म्हणेल की सहा कोटी मिळण्याची आशा आणि सुमारे ९७ लाख जाण्याची भीती, तेव्हा चारांत एक शक्यता धरूनही खेळणे कागदावर फायद्याचे ठरते. परंतु महिना १,५०० रुपये मानधनावर काम केलेल्या माणसाला पहिला कोटी आणि सातवा कोटी सारखा नसतो. त्यांचा हिशेब त्यांच्या जागेवरून अगदी बरोबर होता. शाळेच्या संघाची गोष्ट निराळी. तेथे गुण कापले जात नसतील तर गप्प बसणे हा तोटा आणि कापले जात असतील तर सोबत्याच्या 'बहुतेक'वर बझर दाबणे हा तोटा. संघनायकाने आपण कोठे थांबलो आणि का थांबलो, हे भाषणात जरूर सांगावे.

आता एक प्रश्न असा, जो आपल्या सभागृहात कोणालाच अवघड वाटणार नाही. संविधान तयार व्हायला किती काळ लागला? सारी मुले एका सुरात म्हणतील, दोन वर्षे, अकरा महिने आणि... आणि येथे अर्धी मुले सतरा दिवस म्हणतील, अर्धी अठरा. दोन्ही आकडे छापील पुस्तकांत आहेत आणि उत्तरपत्रिकेत कोणता असेल हे स्पर्धेच्या दिवशीच कळते.

हिशेब करून पाहावा. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली. ९ नोव्हेंबर १९४९ ला दोन वर्षे अकरा महिने भरतात. तेथून संविधान स्वीकारले गेले त्या २६ नोव्हेंबरपर्यंत सतरा दिवस. पहिला दिवसही धरला तर अठरा. बाबासाहेबांनी आपल्या समारोपाच्या भाषणात सतरा दिवस सांगितले आहेत. पण ते भाषण २५ नोव्हेंबरचे आहे. म्हणजे त्यांनी पहिला दिवस धरून मोजले होते आणि त्याच पद्धतीने दुसऱ्या दिवशी, स्वीकृतीच्या दिवशी, अठरा होतात. सतरा म्हणणारा बाबासाहेबांचा आकडा सांगत असतो, पण एक दिवस आधीचा. किंवा पहिला दिवस न धरता मोजत असतो. त्याच भाषणात सभेची प्रत्यक्ष कामकाजाची संख्या १६५ दिवस आणि मसुदा समितीच्या बैठकांची १४१ दिवस अशी दिलेली आहे. म्हणून 'किती दिवस लागले' असे मोघम विचारले तर आधी कशाचे दिवस, हे विचारावे लागते.

अंतिम फेरीत प्रश्नकर्त्याने सतरा हे उत्तर चूक ठरवले, तर संघनायकाने वाद घालू नये. हात वर करून दोन तारखा आणि पहिला दिवस धरला की नाही, एवढेच सांगावे. निर्णय बदलेल किंवा बदलणार नाही. पण परत आल्यावर आभाराच्या भाषणात त्याने फळ्यावर ९ डिसेंबर १९४६ आणि २६ नोव्हेंबर १९४९ या दोन तारखा लिहाव्यात, आणि समोरच्या मुलांना दिवस मोजायला सांगावेत.