घरातल्या गोष्टी : दाढीची रेघ कुठे असावी?

गेल्या रविवारी बारवी धरणाजवळच्या नातेवाइकांकडे दावत होती. बदलापूरहून आमचा भाचाही आला होता. महिन्यावर निकाह आलेला आणि पठ्ठ्या रुमालाने हनुवटी झाकून बसलेला! न्हाव्याने 'खत' काढताना मानेवरची रेघ थेट जबड्याच्या हाडावर आणून ठेवली होती. "मामू, दाढी गालाला पट्टी चिकटवल्यासारखी दिसते," तो म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. त्याचा जबडा रुंद आणि कोनदार आहे. अशा हाडावरच रेघ काढली की जबडा आणखी चौकोनी दिसतो आणि हनुवटीखालचे मांस उघडे पडते. रेघ जबडा आणि मान जिथे मिळतात त्या घडीत लपली पाहिजे.

आम्ही त्याला आरशासमोर उभे केले. नजर समोर, हनुवटी सरळ. कंठमण्याच्या वर दोन बोटे आडवी ठेवायची. वरच्या बोटाची कड हा रेघेचा सर्वांत खालचा बिंदू. तिथून दोन्ही कानांच्या पाळ्यांमागे गोलाई न्यायची. उर्दूतल्या 'नून'ची वाटी डोळ्यांसमोर आणा, आकार तोच. खूण करताना मान वर करू नये. कातडी ताणली जाते आणि रेघ भलतीकडे जाते. खूण झाल्यावर मान वर करून खालचे केस काढावेत.

दुसरी अडचण मिशीची. त्याची मिशी विरळ, हनुवटी मात्र दाट. दाढी जितकी लांब, तितकी मिशी फिकी वाटते. म्हणून आम्ही ठरवले की, तीन आठवडे मशीन लावायची नाही. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे तेवढ्यात खोडलेली जागा भरून येईल. मग गालांवर सहा मिलिमीटरचा गार्ड, हनुवटीवर नऊचा, आणि दोन्ही लांबींची सांधणी हळूहळू. बाजू कमी राहिल्याने जबडा रुंद दिसत नाही. हनुवटीचे टोक गोल ठेवल्याने कोन मवाळ होतो. मिशीवर मशीन फिरवायची नाही, ओठावर येणारे केस तेवढे कात्रीने कापायचे. निकाहच्या तीन-चार दिवस आधी हे उरकावे, म्हणजे काही चुकले तर सावरता येते.

आमच्या आपाने विचारले, "वारंवार वस्तरा फिरवला तर मिशी दाट होईल का?" नाही होत. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो जाड भासतो, इतकेच. विशीतल्या मुलाची मिशी वयानुसार पुढे थोडी भरू शकते.

ज्यांना मूठभर दाढी ठेवायची आहे, त्यांनी गार्डचे माप सोडून द्यावे. मानेची रेघ मात्र तीच. मिशी बारीक ठेवणे ही तर सुन्नतच, त्यामुळे तिथला विरळपणा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

भाच्याने निघताना रुमाल खिशात घातला. "तीन आठवडे न्हाव्याकडे जायचे नाही," एवढे मात्र आम्ही त्याच्याकडून वदवून घेतले.