साबणाची वडी आणि नफ्याची वाटणी

साबणाचा व्यवसाय करणारे महिलांचे बचत गट बहुधा साबण बिघडल्यामुळे मोडत नाहीत. ते वाटणीवरून मोडतात. समजा, दहा भगिनींच्या गटाने शंभर वड्या केल्या. तेल, कॉस्टिक सोडा, सुगंध व वेष्टन यांस ३,५०० रुपये लागले. प्रत्येकी ७० रुपयांप्रमाणे विक्री होऊन ७,००० रुपये आले. उरलेले ३,५०० रुपये सारखे वाटले, तर प्रत्येकीस ३५० रुपये मिळतात. परंतु एकीने दहा तास राबून साबण ओतला, कापला आणि वेष्टनात भरला. दुसरी केवळ दोन तास आली. दोघींच्या हाती सारखीच रक्कम पडली, की पुढच्या खेपेस पहिलीचाही उत्साह ओसरतो.

यावर उपाय म्हणजे श्रम आणि भागीदारी यांचे हिशेब वेगळे ठेवणे. कामाच्या दिवशीच हजेरीवहीत तास लिहावेत. एकूण चाळीस तास झाले व बैठकीत तासाला ५० रुपये दर ठरला असेल, तर मजुरीचे २,००० रुपये प्रथम वेगळे काढावेत. उरलेल्या १,५०० पैकी ५०० गंगाजळीत ठेवून १,००० सर्वांत समान वाटावेत. मग दहा तासवालीस ६०० आणि दोन तासवालीस २०० रुपये मिळतात. श्रमाचा मान राहतो आणि सभासदत्वाचाही.

दुसरा प्रश्न वाटणी केव्हा करावी, हा. थंड पद्धतीने केलेला साबण कापल्यानंतर चार ते सहा आठवडे हवेशीर जागी मुरवावा लागतो. तोवर त्यातील पाणी उडून वडी घट्ट होते. म्हणजे भांडवल महिनाभर फळीवर पडून राहते. त्यानंतरही काही माल उधारीवर जातो. म्हणून वडी तयार झाली की नव्हे, तर पैसा गटाच्या बँक खात्यात जमा झाला की वाटणी करावी. उधारी किती व कोणास द्यावी, हे विक्री करणाऱ्या एकटीने न ठरवता बैठकीत ठरवावे आणि खात्यातून पैसे काढताना किमान दोघींच्या सह्या असाव्यात.

केलेल्या, विकलेल्या, फुटलेल्या आणि शिल्लक वड्यांची बेरीज दरमहा जुळवावी. ती जुळली नाही, तर चूक त्याच महिन्यात सापडते. वर्षाअखेरीस केवळ संशय उरतो.

आणखी एक खर्च आरंभीच धरावा. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो. तो विक्रीसाठी बनवायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. त्यासाठी योग्य जागा आणि पात्र तांत्रिक व्यक्ती हवी. हा खर्च वडीच्या किमतीत न धरता वाटलेला नफा हा नफा नसून भांडवलच होय.