परदेशी ग्राहकाला पहिला कोट देताय? आधी लासलगावचा आजचा भाव बघा

लासलगाव परिसरात कांदा वाळवून चकत्या आणि पावडर करणारे छोटे उद्योजक, बचत गट आता थेट निर्यातीची भाषा करू लागले आहेत. आयईसी नंबर पॅनच्या आधारे ऑनलाइन मिळतो, अपेडाची नोंदणी होते, एफएसएसएआयचा परवाना हाती असतो. कागद जमतात, गाडी अडते ती पुढे. परदेशातल्या आयातदाराचा पहिला ईमेल येतो, 'सॅम्पल पाठवा, भाव सांगा'. माझ्या मते पहिला सौदा बिघडतो तो याच दोन उत्तरांत.

सॅम्पलबद्दल सर्रास होणारी गोष्ट म्हणजे निवडून, चाळून, सगळ्यात देखणा माल पाठवणं. हे टाळा. ग्राहक तुमची मेहनत तपासत नाही, पुढचा ५०० किलो माल कसा येईल याचा अंदाज घेत असतो. म्हणून सॅम्पल चालू लॉटमधूनच काढा, वेगवेगळ्या पोत्यांतून थोडं थोडं घेऊन मिसळा आणि साधारण अडीचशे ग्रॅमची दोन पाकिटं करा. एक कुरिअरने जाईल, दुसरं त्याच लॉट नंबरसह सील करून तुमच्याकडे राहील. उद्या 'माल सॅम्पलसारखा नाही' असा वाद झाला तर हे दुसरं पाकीटच तुमचा साक्षीदार. सोबत एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबचा त्याच लॉटचा अहवाल जोडा. त्यात ओलावा आणि साल्मोनेला या दोन ओळी ग्राहक आधी वाचतो. चकत्या दाबल्यावर कुरकुरीत मोडायला हव्यात. त्या वाकल्या किंवा पाकिटात गोळा झाल्या तर ओलावा जास्त आहे, आणि तपकिरी पडल्या तर ड्रायरचं तापमान जास्त गेलं, असं समजा.

रंगाचं मात्र आधीच सांगून टाका. वाळवलेल्या कांद्याच्या बाजारात गुजरातमधल्या महुवाच्या पांढऱ्या मालाची सवय आहे. आपला लाल कांदा वाळल्यावर गुलाबीसर होतो. तो 'लाल कांद्याच्या चकत्या' म्हणूनच विका. पांढऱ्याच्या स्पर्धेत उतरलात तर रंगावरच माल नापास होईल.

आता भाव. समजा आज बाजार समितीत कांदा १,५०० रुपये क्विंटल आहे. लाल कांद्यात पाणी जास्त, त्यामुळे एक किलो सुक्या मालाला साधारण दहा किलो ओला कांदा लागतो. म्हणजे कच्चा माल १५० रुपये. वाळवणं, पॅकिंग, न्हावाशेवापर्यंतची वाहतूक आणि कस्टमचा खर्च मिळून ८० रुपये धरू. वर २५ रुपये नफा. झाले २५५ रुपये किलो, डॉलर ८५ रुपये धरला तर तीन डॉलर एफओबी. म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा खर्च तुमचा, पुढचं भाडं ग्राहकाचं.

ग्राहकाने विचार करायला महिना घेतला आणि तोवर कांदा २,००० झाला तर? क्विंटलमागे ५०० रुपये वाढले की सुक्या मालाच्या किलोमागे ५० रुपये वाढतात. ५०० किलोवर २५ हजारांचा फटका, आणि तुमचा सगळा नफा होता साडेबारा हजार. लासलगावात महिनाभरात असा चढ-उतार होणं नवं नाही. त्यामुळे कोटेशनवर 'हा भाव सात दिवसांसाठी' ही ओळ हवीच. वजन, पॅकिंग, बंदर, पैसे कधी आणि कसे, हेही त्याच कागदावर हवं.

विश्वासाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. ती ओल्या कांद्यासाठी होती, तरी भारतातून कांदा घेणारा ग्राहक 'मध्येच पुरवठा थांबला तर?' असं विचारणारच. त्याला रागावू नका. माल जहाजावर चढण्याआधी त्याच लॉटचं आणखी एक सॅम्पल पाठवायची तयारी दाखवा.

तुम्हीही त्याला तपासा. ब्रिटनमधली कंपनी असेल तर तिची नोंदणी कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. ईमेल कंपनीच्या डोमेनवरून येतोय का, पत्ता जुळतोय का, ते बघा. नोंदणी शुल्क म्हणून तुमच्याकडेच पैसे मागणारा ग्राहक नसतो.

पैशांत ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहून, ही पद्धत रूढ आहे. पण वरच्या हिशोबात एकूण बिल १,२७,५०० रुपये, त्याचे ३० टक्के ३८,२५०, आणि नुसता कांदाच ७५,००० चा. उरलेला पैसा तुमच्या खिशातून जाणार. नवख्याने एवढा अडकवू नये, असं माझं मत आहे. ग्राहक ६० टक्के आगाऊ द्यायला तयार नसेल, तर १०० किलोची चाचणी ऑर्डर पूर्ण आगाऊ पैशावर घ्या. छोट्या मालाला किलोमागे खर्च जास्त येतो, तो भावात धरा. उरलेली रक्कम जमा होईपर्यंत बिल ऑफ लेडिंगची मूळ प्रत हातची सोडू नका. ती ज्याच्याकडे, बंदरावर माल त्याचा.