मोसंबीच्या चकत्या: घनफळ काढताना बेरीज का करायची?

बारावीच्या सराव परीक्षेत मी एक सोपं गणित दिलं होतं. y² = 9 − x² हा वक्र, x शून्यापासून ३ पर्यंत, X-अक्षाभोवती फिरवला तर तयार होणाऱ्या घनाकृतीचं घनफळ काढा. वर्गातल्या एका हुशार मुलानं वक्राखालचं क्षेत्रफळ बरोबर काढलं, त्याचा वर्ग केला, π नं गुणलं आणि सुमारे १५७ घन सेंटिमीटर असं उत्तर लिहिलं. खरं उत्तर सुमारे ५६.५ आहे. मी विचारलं, "वर्ग आधी करायचा की नंतर?" तो म्हणाला, "सर, सूत्रात y वर्ग आहे एवढं आठवत होतं. पण बेरीज कायले करतो, तेच समजलं नाही."

चूक त्याची नव्हती, माझी होती. मी फळ्यावर पहिल्याच दिवशी सूत्र लिहिलं होतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: डिस्क मेथड शिकवताना सूत्र शेवटी यावं, सुरी आधी यावी.

आपल्या नरखेड-काटोलकडे फळांची कमी नाही. मी आधी संत्रं घेऊन पाहिलं, पण त्याची साल सैल असते. आडवं कापलं की चकती हातात येण्याआधीच फोडी सुटतात. मोसंबीची साल घट्ट, म्हणून मोसंबी घ्या. देठ वर ठेवून बरोबर मधोमध आडवी कापा आणि अर्धा भाग ताटलीत पालथा ठेवा. समजा त्याची त्रिज्या ३ सेंमी आहे. आता एकेक सेंटिमीटर जाडीच्या तीन चकत्या करा. सुरी देठाच्या रेषेला काटकोनात हवी. तिरपी गेली तर चकतीची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही आणि πr² गुणिले जाडी हे वापरता येत नाही.

प्रत्येक चकती ही जवळजवळ एक बुटकी वृत्तचिती आहे. वृत्तचितीचं घनफळ मुलांना दहावीपर्यंत पाठ झालेलं असतं: वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले जाडी. अडचण एकच. चकतीची कड तिरकी आहे, त्यामुळे खालची बाजू मोठी आणि वरची लहान. मग त्रिज्या कोणती घ्यायची? मी मुलांना सांगतो, दोन्ही घ्या.

त्रिज्येचे वर्ग असे येतात: तळाशी ९, एक सेंमीवर ८, दोन सेंमीवर ५ आणि टोकाला शून्य. दर वेळी मोठी बाजू घेतली तर बेरीज ९ + ८ + ५, म्हणजे २२π. लहान बाजू घेतली तर ८ + ५ + ०, म्हणजे १३π. खरं घनफळ या दोहोंच्या मध्ये कुठंतरी आहे. एवढं मोठं अंतर पाहून मुलं हसतात. हसू द्या.

आता चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या करा. वरची बेरीज २०.१२५π येते आणि खालची १५.६२५π. आधी फरक ९π होता, आता ४.५π झाला. जाडी निम्मी, फरकही बरोबर निम्मा. हे योगायोगानं झालेलं नाही, आणि धड्याचा गाभा इथंच आहे. मोठ्या आणि लहान वृत्तचितीमध्ये प्रत्येक चकतीभोवती एक कडं उरतं. ही सगळी कडी देठाच्या रेषेवरून खाली सरकवून सगळ्यात खालच्या चकतीत नेली, तर ती एकात एक बसतात आणि ती एकच चकती पूर्ण भरते. म्हणजे सगळ्या चकत्यांची मिळून होणारी चूक कधीही तळाच्या एका चकतीपेक्षा जास्त नसते. चकती पातळ करत गेलो की ती चूकही हवी तेवढी लहान होते. दोन्ही बेरजांच्या मध्ये शेवटी एकच संख्या उरते, आणि तिलाच आपण संकलन म्हणतो:

V = π ∫ y² dx = π [9x − x³/3] = π(27 − 9) = 18π (x = 0 ते 3)

१८π म्हणजे सुमारे ५६.५ घन सेंमी. अख्ख्या मोसंबीचे ३६π. गोलाच्या (4/3)πr³ या सूत्रात r = 3 घातलं तरी हेच येतं. तेव्हा वर्गात शांतता होते, कारण जे सूत्र नुसतं पाठ होतं ते आता समोर कापून तयार झालेलं असतं.

मग बेरीज का? कारण चकत्या एकमेकींवर चढत नाहीत आणि मध्ये काही सुटत नाही. मोसंबीतला प्रत्येक थेंब कुठल्या तरी एकाच चकतीत असतो. म्हणून घनफळांची बेरीज होते. त्रिज्यांची होत नाही, आणि त्या विद्यार्थ्यानं नेमकं तेच केलं होतं. त्यानं आधी y ची बेरीज केली आणि मग वर्ग केला. पण आधी प्रत्येक चकतीचं स्वतःचं वर्तुळ तयार व्हायला हवं, म्हणजे वर्ग आधी, बेरीज नंतर.

अशी चूक पकडायला दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिली एककाची: क्षेत्रफळाचा वर्ग केला तर सेंटिमीटरचा चौथा घात येतो, घनफळाला तर तिसराच हवा. दुसरी डबीची: हा अर्धा भाग ३ सेंमी त्रिज्येच्या आणि ३ सेंमी उंचीच्या डबीत मावतो. त्या डबीचं घनफळ २७π, म्हणजे सुमारे ८५. आत मावणारी वस्तू १५७ कशी असेल?

एका मुलीनं विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "सर, मोसंबीले देवानंच फोडी दिल्या आहेत. मंग आडवं कायले कापायचं?" मी म्हटलं, फोडी घेतल्या तरी बेरीज चालेलच. पण एका फोडीचं घनफळ आपल्याला कुठं माहीत आहे? फोडी साधारण सारख्या असतात, पण प्रत्येक अनोळखी. चकत्या वेगवेगळ्या असतात, पण प्रत्येकीचा चेहरा वर्तुळाचा, म्हणजे ओळखीचा. अक्षाभोवती फिरवून झालेल्या आकृतीला आडवं कापतात ते याचसाठी. कापायची रीत मात्र एकच नसते. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (इ.स. ११५०) गोलाचा विचार करताना केंद्रात टोक असलेल्या सुच्यांचे तुकडे कल्पिले आणि त्यांची बेरीज केली. तुकडे वेगळे, तत्त्व तेच.

शिक्षक मित्रांनो, यात एक तासिका जाते, हे मान्य. अभ्यासक्रम संपवायची घाई मलाही असते. पण सूत्र पाच मिनिटांत दिल्यावर पुढे चुका दुरुस्त करण्यात त्याहून जास्त तास गेले, हा माझा अनुभव आहे. पालकांनो, तुमचं मूल घरी मोसंबी कापून फुटपट्टीनं मोजत बसलं तर रागावू नका. फक्त एवढं विचारा: "मोठी बाजू धरून किती आले, लहान बाजू धरून किती, आणि खरं उत्तर या दोघांच्या मधेच का असलं पाहिजे?" त्याला हे सांगता आलं, तर सूत्र विसरलं तरी ते पुन्हा तयार करता येईल.