उरलेलं सिरप आणि औषधदान



परवा कारंज्यात आमच्या मंडळाने लहान मुलांच्या आयांसाठी एका फार्मासिस्ट ताईंचं बोलणं ठेवलं होतं. येताना घरातली उरलेली औषधं आणा, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मी नातवाच्या अँटिबायोटिक सिरपची बाटली नेली. पावडरमध्ये पाणी घालून हलवायचं, ते. डॉक्टरांनी ५ मिली, दिवसातून दोनदा, पाच दिवस दिलं होतं. म्हणजे ५० मिली. बाटली ३० मिलीची, म्हणून दोन आणल्या आणि १० मिली उरलं. कॉमर्सवाली मी, उरलेलं शिल्लक खात्यात, म्हणजे फ्रिजच्या दारात ठेवलं! छापील तारीख पुढच्या वर्षाची होती.

ताई म्हणाल्या, "काकू, ती तारीख कोरड्या पावडरची. पाणी घातलं की तारीख बदलली."

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं असं सिरप फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण सात दिवसच चालतं, कारण त्यातला क्लॅव्ह्युलॅनेट पाण्यात लवकर विरतो. उन्हाळ्यात ओट्यावर राहिलं तर आणखी लवकर. पांढरट सिरप पिवळं-तपकिरी झालं तर बिघडलं हे दिसतं, पण रंग तसाच राहूनही जोर गेलेला असू शकतो. म्हणून पाणी घातलं त्या दिवसाची तारीख पेनाने बाटलीवर लिहायची. मला हे एवढं सोपं कधी सुचलं नव्हतं.

आता माझं मत, थोडं बोचेल. आपण उघडलेली बाटली कामवालीच्या लेकराला देतो आणि त्याला औषधदान म्हणतो. मीही दिली आहे. त्या मुलाचं वजन वेगळं, आजार वेगळा आणि १० मिली म्हणजे एकच दिवसाचा डोस. अर्धवट अँटिबायोटिकने जंतू पुरते मरत नाहीत, उरतात ते औषधाला दाद न देणारे असू शकतात. दान करायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी बघून नवी बाटली घेऊन द्यावी.

मग उरलेल्याचं काय? मोरीत ओतायचं नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आपण हेच औषध नालीत सोडतो, हे मला फार लागलं. ताईंनी करून दाखवलं: वापरलेल्या चहापत्तीत सिरप जिरवायचं, जाड पिशवीत घट्ट बांधायचं, बाटलीवरचं लेबल फाडायचं. २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती; पिशवी घंटागाडीत वेगळीच द्यायची. गाडीवाल्याला वेगळा डबा नसतो, ही अडचण खरीच. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडमध्ये घरची जुनी औषधं गोळा करायला सुरुवात केली. आपल्या नगरपालिकेकडे तशी पेटी मागायचा अर्ज मी लिहिला आहे, सह्या रविवारी मंदिराच्या ओसरीवर घेऊ.