सदुसष्ट रुपये वीस पैसे

माझी मुलगी पुण्यात शिकते. परीक्षेच्या रात्री खानावळ बंद होती म्हणून लांज्यात बसून मीच माझ्या मोबाईलवरून तिच्यासाठी आणि तिच्या मैत्रिणीसाठी जेवण मागवले. बिर्याणी २४० रुपये, तीन रोट्या ६० रुपये, सीख कबाब १८० रुपये. एकूण ४८०. चारशेच्या वर मागवल्यास वीस टक्के सूट होती, म्हणून ९६ रुपये वजा झाले. पॅकिंग, डिलिव्हरी, कर धरून पैसे आधीच कापले गेले. पिशवी पोहोचली ती सीलबंद, पण आत कबाब नव्हता.

तक्रार केली. दहा मिनिटांत उत्तर आले: आपले ८४ रुपये परत केले आहेत, तक्रार निकाली. माझा कबाब १८० चा, मग ८४ कुठून आले? त्यावर उत्तर नाही, फक्त चॅट बंद.

मी शिक्षक माणूस, आकडा जुळला नाही की झोप येत नाही. वहीवर मांडून पाहिले. १८० मधून ९६ वजा केले की बरोबर ८४ उरतात. म्हणजे तिन्ही पदार्थांवर मिळालेली सगळी सूट कंपनीने एकट्या न आलेल्या कबाबावर टाकली! सूट वीस टक्के होती, तर कबाबावरची सूट ३६ रुपये. मी कबाबासाठी खरे मोजले १४४. त्यावर पाच टक्के जीएसटी ७ रुपये २० पैसे. परत यायला हवे होते १५१ रुपये २० पैसे. कमी आले ६७ रुपये २० पैसे.

कंपनीच्या बाजूने एकच युक्तिवाद होऊ शकतो, तोही मांडतो. कबाब वगळला तर ऑर्डर ३०० ची होते, चारशेची अट पुरी होत नाही, म्हणून सूटच मिळाली नसती. पण मी कबाब रद्द केला होता का? मी ४८० चा माल मागवला, अट पुरी केली, पैसेही भरले. कबाब पिशवीत ठेवायला हॉटेल विसरले. त्यांच्या विसरण्यामुळे माझी सूट जाते, हा कुठला न्याय? चुकीचा दंड ज्याचे नुकसान झाले त्यानेच भरायचा! आणि जो माल दिलाच नाही त्यावरचा कर कशाचा? बाजारात कोणी असे वजन केले तर आपण त्याला मापात पाप म्हणतो. इथे तराजू दिसत नाही, एवढाच फरक.

मुलगी म्हणाली, “अब्बा, सोडा ना, सदुसष्ट रुपयांसाठी किती डोकं लावता?” कंपनीलाही हेच हवे असते. मी कदाचित सोडलेही असते, पण चॅटमध्ये एक प्रश्न आला होता: वस्तू डिलिव्हरी करणाऱ्याने काढली असे आपल्याला वाटते का? खाली हो आणि नाही अशी दोन बटणे. पिशवीचे सील शाबूत होते. मुलीने पिशवी उघडण्याआधी फोटो काढला होता, म्हणून मी खात्रीने “नाही” दाबू शकलो. फोटो नसता आणि रागाच्या भरात कोणी “हो” दाबले असते, तर पावसात सायकल मारत आलेल्या त्या पोराचे काय झाले असते?

म्हणून मी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क कंपनीला दाखवावाच लागतो. तो ॲपमध्ये पार तळाशी, कायदेशीर मजकुरात सापडला. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मी बिल, सीलबंद पिशवीचा फोटो, उघडल्यानंतरचा फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडले. चॅट नंतर दिसेलच असे नाही, म्हणून स्क्रीनशॉट तेव्हाच घ्यावा. वरचा हिशेब पाच ओळींत लिहिला. “दिलगिरी नको, ६७ रुपये २० पैसे द्या, ८४ कसे काढले ते लेखी सांगा,” एवढेच मागितले.

पोच आली, उत्तर आले नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. हेल्पलाइन हुकूम देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते, हे लक्षात असू द्या. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी मला पुण्याला जावे लागत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे माझ्यासाठी रत्नागिरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.

हेल्पलाइनवर नोंदवल्यावर नवव्या दिवशी ६७ रुपये २० पैसे खात्यात आले. सोबत संदेश: “सद्भावना म्हणून.” सद्भावना? माझेच पैसे! ८४ चा हिशेब मात्र अजून कोणी लेखी दिलेला नाही. तो मागणारा दुसरा ईमेल मी काल पाठवला आहे.